ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरच्या पुस्तिकेतलं ‘बिघाड आणि उपाय’ प्रकरण एका कार्डावर कसं आणायचं

घरी ऑक्सिजनवर असलेल्या पेशंटजवळ रात्री बहुधा एकच माणूस जागा असतो. कधी सून, कधी मुलगा, कधी रात्रपाळीच्या मावशी. यंत्र टीं-टीं करू लागलं की पुस्तिका कपाटातून काढून, योग्य पान शोधून, चार रकान्यांचा तक्ता वाचून काय करायचं ते ठरवणं त्या माणसाला जमत नाही. पुस्तिकेत माहिती असते, आणि बहुतेक वेळा बरोबरही असते. पण तिची मांडणी यंत्राच्या भागांप्रमाणे केलेली असते, आणि पलंगाशेजारी उभ्या माणसाला यंत्राचे भाग माहीत नसतात. त्याला फक्त एक आवाज ऐकू येतो आणि एक दिवा दिसतो.

म्हणून त्या प्रकरणातून एक ए-फोर आकाराचं, दोन बाजूंचं कार्ड तयार करायचं आणि ते यंत्राजवळ लावायचं. ते कसं करायचं हे इथे पायरीपायरीने सांगतो. उदाहरण म्हणून मिनिटाला 5 लिटरपर्यंत ऑक्सिजन देणारं घरगुती यंत्र घेतलं आहे. पेशंटला डॉक्टरांनी मिनिटाला 2 लिटर लिहून दिलेत आणि घरात एक पर्यायी सिलिंडर आहे, असं धरलं आहे. दिव्यांचे रंग, आवाजाची पद्धत आणि काही आकडे कंपनीगणिक बदलतात. त्यामुळे कार्डावर जाणारी प्रत्येक गोष्ट तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेशी ताडून घ्या.

आधी यंत्र थोडं समजून घ्या

कॉन्सन्ट्रेटर खोलीतलीच हवा आत ओढतो. आत झिओलाइट नावाच्या खड्यांनी भरलेले दोन स्तंभ असतात. दाबाखाली हवा त्यांतून गेली की खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. एक स्तंभ भरला की दुसरा काम सुरू करतो, आणि पहिला आपला नायट्रोजन बाहेर सोडतो. ठरावीक सेकंदांनी येणारा ‘फुस्स’ आवाज हाच. नव्याने यंत्र आलेल्या घरात या आवाजाची भीती वाटते आणि रात्री सर्व्हिसवाल्याला फोन जातो. बिघाडाच्या तक्त्यात हा आवाज नसतो, कारण तो बिघाडच नाही. पण कार्डावर तो हवा. ‘हे नेहमीचं आहे’ अशी एक ओळ कार्डावर ठेवलीत तर निम्मी धावपळ तिथेच थांबते.

त्याच ओळीत आणखी दोन गोष्टी घाला. यंत्रातून गरम हवा बाहेर येणं नेहमीचं आहे. आणि चालू केल्यावर ऑक्सिजनची शुद्धता वर यायला काही मिनिटं लागतात, तोपर्यंत पिवळा दिवा राहू शकतो. ती मिनिटं किती, हे पुस्तिकेच्या ‘यंत्र सुरू करणे’ या भागात लिहिलेलं असतं, बिघाडाच्या भागात नाही. म्हणजे कार्डासाठी फक्त एक प्रकरण वाचून भागत नाही. सुरुवात, साफसफाई आणि सुरक्षेच्या सूचना ही तीन प्रकरणंही एकदा वाचावी लागतात.

पायरी पहिली: पुस्तिका यंत्रासमोर बसून वाचा

टेबलाशी बसून कार्ड लिहिलं की ते पुस्तिकेचीच लहान प्रत होतं. यंत्र समोर ठेवा आणि तक्त्यातली जी लक्षणं सुरक्षितपणे मुद्दाम घडवता येतात ती घडवून पाहा. हे काम पेशंट सिलिंडरवर असताना किंवा यंत्र पहिल्यांदा बसवायला आलेला माणूस घरात असतानाच करायचं. पेशंट त्या यंत्रावर असताना अजिबात नाही.

चालू यंत्राचा प्लग काढा. आवाज कसा येतो, सलग की तुटक, आणि कोणता दिवा राहतो ते लिहा. पुस्तिका ‘पॉवर फेल्युअर अलार्म’ म्हणते, पण तुम्हाला हवं आहे ते ‘सगळे दिवे बंद आणि तुटक टीं-टीं’. मग प्लग लावून यंत्र पुन्हा सुरू करा, मिनिटाला किती लिटर जातात ते दाखवणाऱ्या फ्लोमीटरचा बॉल 2 वर आणा आणि नळी हाताने दुमडून धरा. बॉल घसरत खाली येतो. काही यंत्रं लगेच आवाज करतात, काहींना थोडा वेळ लागतो. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीचं, म्हणजे पुस्तिकेतल्या ह्युमिडिफायरचं, झाकण मुद्दाम तिरपं बसवा. आता बॉल 2 वरच राहतो, पण नळीच्या टोकाशी हवा जवळजवळ येत नाही. फिल्टर मात्र बंद करून पाहू नका आणि यंत्र झाकूनही पाहू नका, कारण त्याने कॉम्प्रेसर तापतो.

नळीच्या टोकाशी हवा येते की नाही हे हाताला नीट कळत नाही. मिनिटाला 2 लिटर म्हणजे फार हलका झोत असतो. त्याऐवजी कॅन्युलाची नाकात जाणारी टोकं पेलाभर पाण्यात धरा. बुडबुडे आले तर ऑक्सिजन पोचतोय. ही कसोटी कार्डावर यायलाच हवी, कारण पुढच्या अर्ध्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. टोकं पुसून मगच पुन्हा नाकात घालायची.

या वेळी फोनवर दिव्यांचे आणि बॉलचे फोटो काढून ठेवा. यंत्रावर इंग्रजीत `POWER`, `LOW O2`, `ALARM` असं जे छापलेलं असेल ते अक्षर न अक्षर तसंच उतरवून घ्या. कार्डावर तेच द्यायचं आहे. मावशींना इंग्रजी वाचता येत नसलं तरी कार्डावरचं आणि यंत्रावरचं चिन्ह एकसारखं आहे, एवढं डोळ्यांना जुळवता येतं.

पायरी दुसरी: तक्त्याची एक ओळ फोडून पाहा

खरी मेहनत इथे आहे. पुस्तिकेत साधारण अशी एक ओळ सापडते:

‘लक्षण: प्रवाह कमी आहे किंवा नाही. संभाव्य कारणे: नळी दुमडलेली, ह्युमिडिफायर नीट बसलेला नाही किंवा चोंदला आहे, हवेचा फिल्टर बंद, अंतर्गत बिघाड. उपाय: नळी सरळ करा; ह्युमिडिफायर तपासा; फिल्टर स्वच्छ करा; सेवा केंद्राशी संपर्क साधा.’

यातला एकही शब्द चुकीचा नाही, तरीही रात्री याचा उपयोग होत नाही. चारपैकी कोणतं कारण आपलं, हे कसं ओळखायचं ते ओळ सांगत नाही. म्हणून प्रत्येक कारणासमोर एकच प्रश्न विचारा: हे कारण असेल तर मला वेगळं काय दिसेल?

नळी दुमडली असेल तर हवेला पुढे जायला वाट नाही, म्हणून बॉल पडतो. बाटलीचं झाकण गळत असेल तर फ्लोमीटरमधून हवा व्यवस्थित जाते आणि पुढे निसटते, म्हणून बॉल जागेवर राहतो आणि नाकाशी मात्र काही पोचत नाही. म्हणजे एका बॉलकडे पाहून चार कारणांचे दोन गट पडतात. बॉल खाली असेल तर अडथळा किंवा यंत्राची कुवत कमी. बॉल जागेवर असून बुडबुडे नसतील तर गळती. पुस्तिकेतलं एक लक्षण कार्डावर दोन झालं, आणि तसंच व्हायला हवं होतं.

आता ‘बॉल खाली’ हा गट घ्या. नळी पलंगाच्या पायाखाली, दाराच्या फटीत किंवा पेशंटच्या कुशीखाली अडकलेली असते. हे पाहायला काही सेकंद लागतात आणि काही हलवावं लागत नाही, म्हणून ते पहिलं. तिथे काही सापडलं नाही तर बाटलीच्या तोंडाला लावलेली नळी काढायची. बॉल वर आला तर दोष नळीत, नवी लावा. नाही आला तर बाटली काढून पाहायची. आता वर आला तर बाटली चोंदली आहे. अजूनही खालीच असेल तर दोष यंत्रात आहे आणि आपलं काम तिथे संपलं: सिलिंडर लावायचा आणि फोन करायचा. पेशंटपासून यंत्राच्या दिशेने एकेक जोड सोडवत गेलं की दोष कुठे आहे ते आपोआप दिसतं, आणि अंदाज बांधावा लागत नाही.

गळतीच्या गटात शोध उलट्या टोकापासून घ्यायचा, कारण तिथे एकच कारण वारंवार घडतं. संध्याकाळी बाटलीत पाणी भरलेलं असतं आणि झाकण आट्यांवर तिरपं बसलेलं असतं. झाकण पूर्ण काढा, सरळ ठेवून पुन्हा फिरवा. मग बाटलीच्या तोंडाशी नळी चिमटीत दाबून पाहा. झाकण घट्ट असेल तर बाटलीच्या सुरक्षा झडपेतून शिट्टीसारखा किंवा ‘फट्’ असा आवाज येतो. आवाज आला नाही तर हवा अजून झाकणातूनच निसटते आहे. आवाज आला आणि तरी बुडबुडे नसतील तर पुढे नळीचा जोड सैल आहे किंवा नळी चिरली आहे.

बाकीच्या ओळी याच पद्धतीने फोडा. त्या इतक्या गुंतागुंतीच्या नसतात. पिवळा दिवा म्हणजे शुद्धता घसरली. चांगल्या स्थितीत ही यंत्रं साधारण 93 टक्क्यांच्या आसपास, तीन इकडे-तिकडे, ऑक्सिजन देतात, आणि बरीच यंत्रं 82 ते 86 टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी इशारा देतात. इथे पाहायच्या गोष्टी तीन: बॉल यंत्राच्या कमाल आकड्याच्या वर तर गेला नाही, फिल्टर धुळीने भरलाय का, आणि यंत्र भिंतीला किंवा पडद्याला चिकटलंय का.

पायरी तिसरी: प्रत्येक उपाय रात्रीच्या वेळी शक्य आहे का ते विचारा

फिल्टरबद्दल पुस्तिका म्हणते: कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग बसवा. दिवसा ठीक. रात्री ओला फिल्टर वाळायला कित्येक तास लागतात. ओला फिल्टर बसवायचा नसतो आणि फिल्टरशिवाय यंत्र चालवायचं नसतं. मग कार्डावर ‘फिल्टर धुवा’ लिहून काय साधणार? कार्डावर लिहायचं: ‘ड्रॉवरमधला कोरडा फिल्टर बसवा’. आणि त्यासाठी आधी एक जादा फिल्टर आणून त्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा.

कार्ड बनवताना अशी खरेदीची एक लहान यादी आपोआप तयार होते: जादा फिल्टर, जादा कॅन्युला, जादा बाटली, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन. कार्डावर ज्या वस्तूचं नाव आलं ती वस्तू कार्डापासून हाताच्या अंतरावर नसेल तर ती ओळ निरुपयोगी ठरते.

वीज गेल्याची ओळही अशीच. पुस्तिका सांगते, दुसऱ्या सॉकेटमध्ये प्लग लावून पाहा. आणि दुसऱ्या एका पानावर सांगते, एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका. रात्री माणूस पहिली सूचना पाळतो आणि दुसरी त्याला माहीतच नसते. म्हणून यंत्राची वायर पोचेल असा दुसरा सॉकेट आधीच शोधा, तो चालतो याची खात्री करा आणि कार्डावर त्याचा पत्ता द्या: ‘देवघराजवळचा सॉकेट’. पुस्तिका लिहिणाऱ्याला तुमचं देवघर माहीत नव्हतं. कार्ड पुस्तिकेपेक्षा उपयोगी ठरतं ते अशाच ओळींमुळे.

इन्व्हर्टरचा विचारही इथेच करा. 5 लिटरचं यंत्र साधारण 350 वॉट घेतं, पण सुरू होताना कॉम्प्रेसर क्षणभर बराच जास्त ओढतो. घरचा इन्व्हर्टर ते पेलतो का आणि किती वेळ, हे इलेक्ट्रिशियनसमोर एकदा चालवून पाहिल्याशिवाय कार्डावर ‘इन्व्हर्टरवर लावा’ असं लिहू नका.

काही उपाय कार्डावर यायलाच नकोत. स्क्रू काढून आत पाहणं, आतला जीवाणू-फिल्टर बदलणं, कॉम्प्रेसरची झडप तपासणं ही कामं सर्व्हिसवाल्याची आहेत. आठवड्याच्या साफसफाईचं वेळापत्रकही इथे नको. ते कॅलेंडरवर लिहा. कार्डावर आलेली प्रत्येक जादा ओळ गरजेची ओळ शोधायला लागणारा वेळ वाढवते.

पायरी चौथी: यंत्राच्या आधी पेशंट

पुस्तिका यंत्राची आहे, त्यामुळे तिच्या तक्त्यात पेशंट नसतो. कार्डाची पहिली चौकट पेशंटची हवी, आणि ती डॉक्टरांकडून भरून घ्यायची. त्यांना तीन गोष्टी विचारा. ऑक्सिमीटरचा कोणता आकडा आमच्या पेशंटसाठी ठीक आणि कोणत्या आकड्याखाली घाबरायचं? यंत्र बंद पडलं तर सिलिंडर किती लिटरवर लावायचा? रात्रभर बाटलीशिवाय, थेट नळीने ऑक्सिजन दिला तर चालेल का?

पहिला प्रश्न वरवर साधा वाटतो, पण फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या काही पेशंटना डॉक्टर मुद्दाम 88 ते 92 टक्क्यांच्या पट्ट्यातच ठेवतात. अशा पेशंटला ‘आकडा कमी दिसतोय, थोडं वाढवू’ म्हणून जास्त ऑक्सिजन दिला तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते. म्हणून शेजाऱ्यांच्या कार्डावरचा आकडा उतरवून घेऊ नका, आणि ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय लिटर वाढवू नका’ ही ओळ पहिल्या चौकटीतच ठेवा.

वेळेची एक मर्यादाही याच चौकटीत घाला. कार्ड हातात आलं की माणूस यंत्रात गुंततो आणि पेशंटकडे पाठ होते. मी दोन मिनिटं लिहितो: पेशंट ठीक दिसत असेल तरी दोन मिनिटांत दोष सापडला नाही तर सिलिंडर लावायचा, पुढचा शोध नंतर. तुमचे डॉक्टर याहून कमी म्हणाले तर ते लिहा.

पायरी पाचवी: कार्डाची भाषा

एका ओळीत एकच कृती. ‘झाकण काढून सरळ बसवून नळी दाबून आवाज येतो का पाहा’ हे एक वाक्य म्हणून वाचता येतं, पण हात ते करायला लागले की डोळे ओळीतली जागा हरवतात. त्याच्या तीन ओळी करा.

एका वस्तूला संपूर्ण कार्डावर एकच नाव ठेवा, आणि ते नाव घरात जे बोलतात तेच असू द्या. घरात ‘मशीन’ म्हणत असतील तर ‘उपकरण’ नको, ‘बाटली’ म्हणत असतील तर ‘आर्द्रतादायक पात्र’ नको. ‘तपासा’ हे क्रियापद शक्यतो टाळा. ‘नळी तपासा’ म्हटल्यावर कोणी नळीकडे नुसतं पाहतो आणि पुढे जातो. ‘नाकापासून मशीनपर्यंत नळीवरून हात फिरवा’ असं लिहिलं की दुमड सापडते.

प्रत्येक कृतीनंतर काय दिसलं म्हणजे झालं आणि काय दिसलं म्हणजे पुढे जायचं, तेही लिहा. आणि प्रत्येक रांग ‘सिलिंडर आणि फोन’ इथे संपू द्या. जी रांग मधेच संपते तिथे माणूस अडकतो आणि मग स्वतःच्या मनाने काहीतरी करतो.

तयार कार्ड

वरच्या सगळ्या कामानंतर समोरची बाजू अशी दिसते. रिकाम्या जागा डॉक्टर आणि पुस्तिका पाहून भरायच्या.

मशीन वाजलं किंवा शंका आली तर

आधी पेशंट
ओठ-नखं निळसर, सलग बोलता येत नाही, गोंधळल्यासारखं वागणं, किंवा ऑक्सिमीटर ___ च्या खाली:
सिलिंडर लावा. 108 ला फोन करा. मशीन नंतर पाहा.
पेशंट ठीक असेल तर खाली वाचा. दोन मिनिटांत जमलं नाही तर सिलिंडर लावा.
डॉक्टरांना विचारल्याशिवाय लिटर वाढवू नका.

क. सगळे दिवे बंद, तुटक टीं-टीं
1. सिलिंडर लावा.
2. घरात लाईट आहे का? नाही: सिलिंडर चालू ठेवा, महावितरणला 1912 वर फोन करा.
3. आहे: प्लग काढून देवघराजवळच्या सॉकेटमध्ये लावा. एक्स्टेंशन बोर्ड नको.
4. तरी बंद: मशीनवरचं रीसेट बटण एकदाच दाबा.
5. तरी बंद किंवा पुन्हा उडालं: सर्व्हिसला फोन करा.

ख. मशीन चालू, पण बॉल 2 च्या खाली
1. नाकापासून मशीनपर्यंत नळीवरून हात फिरवा. दुमड सोडवा.
2. बॉल अजून खाली: बाटलीला लावलेली नळी काढा. बॉल वर आला: ड्रॉवरमधली नवी नळी लावा.
3. नाही आला: बाटली काढा. बॉल वर आला: दुसरी बाटली लावा.
4. नाही आला: सिलिंडर लावा, सर्व्हिसला फोन करा.

ग. बॉल 2 वर, पण पाण्यात बुडबुडे नाहीत
1. बाटलीचं झाकण पूर्ण काढा.
2. सरळ ठेवून घट्ट बसवा.
3. बाटलीजवळ नळी चिमटीत दाबा. आवाज आला नाही: दुसरी बाटली लावा.
4. आवाज आला, तरी बुडबुडे नाहीत: नवी नळी लावा.
5. तरी नाहीत: सिलिंडर लावा, सर्व्हिसला फोन करा.

घ. पिवळा दिवा `LOW O2`
1. चालू करून ___ मिनिटं झाली नसतील: थांबा, ऑक्सिमीटर पाहत राहा.
2. बॉल 2 पेक्षा वर असेल: 2 वर आणा.
3. मशीन भिंतीपासून आणि पडद्यापासून हातभर दूर ओढा.
4. ड्रॉवरमधला कोरडा फिल्टर बसवा.
5. ___ मिनिटांत दिवा गेला नाही: सिलिंडर लावा, सर्व्हिसला फोन करा.

च. लाल दिवा किंवा न थांबणारा आवाज
1. सिलिंडर लावा. 2. मशीन बंद करा. 3. सर्व्हिसला फोन करा.

हे नेहमीचं आहे: ठरावीक वेळाने ‘फुस्स’ आवाज, मशीनमधून गरम हवा, बाटलीत बुडबुडे.

तुमच्या यंत्रावर लाल दिवा नसेल किंवा पिवळ्या दिव्याचा अर्थ वेगळा असेल तर ही अक्षरं तशीच ठेवून आतला मजकूर बदला. अक्षरं ठेवण्याचं कारण फोन हे आहे. ‘आम्ही ग, तीनवर आहोत’ असं सांगितलं की पलीकडच्या माणसाला, त्याच्याकडे कार्डाचा फोटो असेल तर, लगेच कळतं काय झालं आणि काय करून झालंय. कार्डाचा फोटो सर्व्हिसवाल्याला आणि बाहेरगावच्या भावंडांना आधीच पाठवून ठेवा.

मागची बाजू: सिलिंडर

समोरच्या बाजूच्या जवळजवळ प्रत्येक रांगेचा शेवट सिलिंडरवर होतो, म्हणून मागे तो कसा लावायचा ते हवं: चावीने झडप हळू उघडा, सिलिंडरच्या फ्लोमीटरचा बॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या लिटरवर आणा, नळीचं टोक मशीनकडून काढून सिलिंडरच्या बाटलीला लावा, पेल्यात बुडबुडे पाहा. हाताला तेल, तूप, मलम असेल तर आधी हात धुवा. समई, उदबत्ती, गॅस आणि सिगारेट त्या खोलीत नको.

त्याखाली सिलिंडर किती वेळ पुरेल याचा तयार तक्ता द्या. रात्री गणित करायला लावू नका. हिशोब असा: काट्यावरचा दाब गुणिले सिलिंडरची पाण्याची क्षमता म्हणजे उरलेले लिटर, आणि त्याला दर मिनिटाच्या लिटरने भागलं की मिनिटं. घरगुती वापरातला बी टाइप सिलिंडर साधारण 10 लिटर पाण्याच्या क्षमतेचा असतो आणि भरल्यावर काटा 150 किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे सुमारे 1500 लिटर. मिनिटाला 2 लिटरने 750 मिनिटं, साडेबारा तास. कार्डावर खालच्या बाजूने पूर्ण आकडे द्या:

काटा 150: 12 तास
काटा 100: 8 तास
काटा 50: 4 तास
काटा 20: लगेच दुसरा सिलिंडर मागवा

काटा कोणत्या एककात आहे ते आधी पाहा. पीएसआयमध्ये असेल तर भरलेला सिलिंडर साधारण 2000 च्या वर दाखवतो, आणि मग तक्त्याचे आकडे त्याप्रमाणे बदलावे लागतात. पेशंटचे लिटर बदलले की हा तक्ता चुकीचा ठरतो, म्हणून तक्त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरात ‘मिनिटाला 2 लिटर असतानाच’ असं लिहा.

छपाई

मजकूर 14 पॉइंटपेक्षा लहान नको, आणि अ‍ॅरोच्या चिन्हांऐवजी आकडेच बरे. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता यांपैकी कोणताही फॉन्ट घ्या. दोन्ही मोफत आहेत आणि जोडाक्षरं स्वच्छ दिसतात. ओळींतलं अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. मजकूर बसत नसेल तर अक्षर लहान करू नका, ओळी कमी करा. रंग वापरलात तर पिवळ्या दिव्याच्या चौकटीला पिवळी कड एवढंच पुरे. मंद उजेडात रंग नीट ओळखू येत नाहीत, म्हणून रंगाचं नाव शब्दात हवंच. चकचकीत लॅमिनेशनवर टॉर्चचा उजेड चमकतो. मॅट मिळालं तर ते घ्या.

कार्ड यंत्राच्या जाळीवर चिकटवू नका, हवा अडते. भिंतीवर खिळ्याला दोरीने टांगलं की ते काढून हातात घेता येतं आणि उलटून मागची बाजूही वाचता येते.

कार्ड चालतं का हे पाहण्याची एकच रीत

ज्यांनी कार्ड बनवलं त्यांना ते नेहमीच स्पष्ट वाटतं. म्हणून पेशंट सिलिंडरवर असताना नळी पलंगाच्या पायाखाली दाबा, आणि रात्री खरोखर जागणाऱ्या माणसाला बोलवा. ‘मशीनला काहीतरी झालंय, कार्ड पाहून दुरुस्त करा’ एवढंच सांगा आणि गप्प उभे राहा. मदत करायची नाही, बोट दाखवायचं नाही. ते कोणत्या ओळीवर थांबतात, कोणती ओळ दोनदा वाचतात, कुठे तुमच्याकडे पाहतात, हे लिहून घ्या. थांबण्याची प्रत्येक जागा हा कार्डाचा दोष समजा.

बहुतेकदा पहिल्या चाचणीत चूक रांग निवडण्यात होते. ‘ख’ आणि ‘ग’ यांत फरक फक्त बॉलच्या जागेचा आहे, आणि बॉल कुठे वाचायचा हे माहीत नसेल तर माणूस चुकीच्या रांगेत जातो. बॉलच्या मधोमध रेषा यायला हवी, वरच्या किंवा खालच्या कडेला नव्हे. डोळे बॉलच्या पातळीवर आणूनच पाहायचं, उभ्याने वरून पाहिलं की आकडा वेगळा दिसतो. चाचणीत इथे अडखळ दिसली तर ‘ख’च्या शेजारी बॉलचं लहानसं चित्र काढा, चित्रात 2 ची रेषा बॉलच्या मध्यातून जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी वेगळा दोष घेऊन, शक्य असेल तर वेगळ्या माणसाबरोबर पुन्हा पाहा.

कार्डाच्या तळाशी मॉडेलचा क्रमांक, पुस्तिकेची आवृत्ती आणि कार्ड बनवल्याची तारीख लिहा. भाड्याचं यंत्र दुरुस्तीला गेलं की बदली यंत्र येतं, आणि ते अनेकदा दुसऱ्या मॉडेलचं असतं. त्याचे दिवे वेगळे, रीसेट बटण वेगळ्या जागी, पिवळ्या दिव्याची मिनिटं वेगळी. यंत्र दाराबाहेर जाताना कार्डही भिंतीवरून उतरवा, आणि बदली यंत्र लावायला आलेला माणूस घरात असतानाच नव्या पुस्तिकेचं ते प्रकरण उघडून प्लग काढणं, नळी दुमडणं आणि झाकण तिरपं लावणं हे तीन प्रयोग त्याच्यासमोर करून घ्या.